गुरुजी, उत्तर चार तास होतं

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी माझ्या सातवीच्या गुरुजींना पत्र लिहायला बसलो. बंगळुरूत बनशंकरीच्या घरात, रविवारी सकाळी, वहीचं पान फाडून. सातवी १९९० साली झाली, म्हणजे मधे तीस-पस्तीस वर्षं गेली. पहिला मसुदा अर्ध्या तासात तयार झाला. त्यात होतं की तुमच्यामुळे मी घडलो, तुम्ही नसता तर मी आज इथं नसतो, तुमचे संस्कार मी आयुष्यभर विसरणार नाही.

माझी मुलगी नववीत आहे. तिला मराठी बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. तिनं ते पान बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हे माझ्या मॅथ्सच्या मिसलाही पाठवता येईल. फक्त नाव बदलायचं."

तिचं बरोबर होतं. ते पत्र कुणीही कुणालाही पाठवू शकलं असतं. त्यात गुरुजी नव्हते आणि मीही नव्हतो. मी ते फाडलं आणि पुढचे तीन रविवार एकाच प्रश्नाशी झटत बसलो: त्या माणसामुळे माझ्यात नेमकं काय बदललं? कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत, आणि त्याचा पुढं कधी उपयोग झाला?

हा लेख त्या तीन रविवारांबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखे घरातले पहिले पदवीधर असणार. तुमच्याही मनात असे एक गुरुजी किंवा बाई असतील, आणि त्यांना लिहायचं राहून गेलं असेल.

आपल्याला आभार मानायला अवघड जातं, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे कृतज्ञतेचा हिशेब बहुतेक वेळा वरून खाली मागितला गेला आहे. एकलव्यानं आभार मानले ते अंगठा देऊन. बाबासाहेबांना आडनाव कोणत्या शिक्षकानं दिलं ही गोष्ट जितक्या उत्साहानं सांगितली जाते, तितक्या उत्साहानं त्याच बाबासाहेबांच्या शाळेतल्या पाण्याची गोष्ट सांगितली जात नाही. शिपाई असेल तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. ती त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यामुळे 'गुरुकृपा' हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, आणि ते बरंच आहे.

पण म्हणून आपण उलट्या टोकाला जातो आणि म्हणतो, मला कुणी काही दिलं नाही, सगळं माझ्या कष्टानं झालं. हे म्हणताना आईची मजुरी, बापानं विकलेली शेळी, आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह, हे सगळं आपणच पुसून टाकतो. मग 'गुणवत्ता' या शब्दाचे ठेकेदार जे बोलतात त्यापेक्षा आपलं बोलणं फारसं वेगळं राहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की भक्ती आणि नकार यांच्या मधे एक तिसरी वाट आहे. कोणी काय दिलं, त्यानं काय झालं आणि काय दिलं नाही, हे नेमकेपणानं लिहून काढणं. नेमकं लिहिलं की उपकार उपकार राहत नाही, त्याची नोंद होते.

ही वाट मला बाबासाहेबांच्याच एका लिखाणात सापडली. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात छापली गेली नाही. पुढं १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. तुम्ही बौद्ध धम्माकडे कसे वळलात, या प्रश्नाचं उत्तर तिथं ते देतात, आणि उत्तराची सुरुवात करतात ती एका सभेपासून आणि एका पुस्तकापासून.

प्रसंग असा. शाळकरी भीमराव इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले. समाजातल्या मंडळींना जाहीर सभा घेऊन त्यांचं कौतुक करायचं होतं. वडील रामजी नको म्हणत होते, एवढ्यानं पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. मंडळी दादा केळूसकरांकडे गेली. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे शिक्षक होते, लेखक होते आणि रामजींचे स्नेही होते. त्यांनी रामजींचं मन वळवलं, सभेचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि शेवटी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र मुलाच्या हातात ठेवलं.

बहुतेक कृतज्ञता इथं संपली असती. पुस्तक दिलं, मोठे उपकार झाले. बाबासाहेब मात्र इथून पुढं सांगायला लागतात. पुस्तक वाचून मुलाच्या मनात एक प्रश्न आला आणि तो त्यानं वडिलांना विचारला: तुम्ही आमच्याकडून रामायण-महाभारत वाचून घेता, पण बुद्धाचं साहित्य कधी आमच्यापुढं का ठेवलं नाही? वडिलांनी उत्तर दिलं की आपण अस्पृश्य आहोत, मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती वर गेले ते पाहा, वाल्मीकी कोळी होता ते पाहा. मुलाला त्यातलं तथ्य दिसलं, पण समाधान झालं नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण आपल्याला का पटत नाहीत, रामानं वालीशी आणि सीतेशी केलेलं वागणं का पटत नाही, हे त्यानं वडिलांना सांगितलं. वडील गप्प राहिले. केळूसकरांनी दिलेल्या पुस्तकाच्या मदतीनं मी असा बुद्धाकडे वळलो, असं बाबासाहेब सांगतात. आणि हेही सांगतात की त्या वयात आपण कोऱ्या मनानं तिकडे गेलो नव्हतो, मागं काहीतरी वाचन होतं.

या लिखाणाचा बांधा पाहा. दिलेली वस्तू नावानिशी आहे. तिनं मनात कोणता प्रश्न उठवला ते आहे. त्या प्रश्नानं घरात काय घडलं ते आहे. वाचनाची सवय वडिलांनी लावली होती, म्हणून वडिलांचा वाटाही त्यात आहे, आणि त्यांच्याशी झालेला मतभेदही झाकलेला नाही. केळूसकरांनी मला घडवलं, असं मोघम वाक्य तिथं नाही. केळूसकरांना जे श्रेय आहे ते पूर्ण मिळतं आणि त्यांचं नसलेलं श्रेय त्यांच्या गळ्यात घातलं जात नाही.

एकच गोष्ट चुटपुट लावते. केळूसकर १९३४ साली वारले. ही प्रस्तावना लिहिली गेली तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, फ्रान्समध्ये आल्बेर काम्यूला नोबेल मिळालं. अल्जीरियातल्या गरीब घरातला पोरगा, वडील युद्धात गेलेले, आई निरक्षर, लोकांच्या घरी कामं करणारी. त्याला वर्गाबाहेर शिकवून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवणारे आणि त्यासाठी आजीचं मन वळवणारे प्राथमिक शिक्षक लुई जर्मेन तेव्हा जिवंत होते. काम्यूनं साधारण महिन्याभरानं त्यांना पत्र लिहिलं, आणि म्हातारे गुरुजी त्याला उत्तरंही देत राहिले. दोन्ही आभार खरे. पण एक पोचले आणि दुसऱ्याला पोचायला माणूस उरला नव्हता.

माझे गुरुजी एक्याऐंशी वर्षांचे आहेत हे कळल्यावर मी चौथ्या रविवारची वाट पाहिली नाही.

पत्ता मिळवणंही फार अवघड नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले जुने शिक्षक कुठं असतात हे गावातल्या आजच्या शिक्षकांना माहीत असतं, निवृत्तांची संघटना तालुक्याला असते, आणि वर्गातला एखादा तरी मित्र गावात राहिलेला असतो. मला दोन फोन लागले. गुरुजी आता लातुरात मुलीकडे राहतात, नजर कमी झाली आहे, पत्र ती वाचून दाखवेल असं कळलं. म्हणून अक्षर मोठं काढलं आणि वाक्यं अशी ठेवली की मोठ्यानं वाचताना अडखळू नये. ते पत्र, काही घरगुती ओळी वगळून, इथं देतो.

*

गुरुजी, सविनय जयभीम.

मी तुमचा सातवीचा विद्यार्थी. सालगड्याचा मुलगा, खिडकीजवळच्या शेवटच्या रांगेत बसायचो. तुम्हाला मी आठवत नसेन तरी चालेल. तुमच्या तीन गोष्टी माझ्याजवळ आहेत, त्यांची पोहोच द्यायला हे पत्र लिहितो आहे.

पहिली गोष्ट हौदाची. शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास होता. तुम्ही गणित घातलं: एक नळ हौद ६ तासांत भरतो, दुसरा १२ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? मी हात वर केला आणि म्हणालो, ९ तास. सहा आणि बारा अठरा, भागिले दोन. पोरं हसली. आमच्या आधीच्या वर्गात अशा उत्तराला छडी होती. तुम्ही छडी घेतली नाही आणि चूक असंही म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलं, "कसं काढलंस?" मी सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, "बरं. पहिला नळ एकटाच ६ तासांत हौद भरतो. त्याच्या मदतीला दुसरा आला. मग वेळ कमी लागेल का जास्त?"

मी बराच वेळ उभा होतो. तुम्ही घाई केली नाहीत. मग मला दिसलं की ९ हे उत्तर असूच शकत नाही. जे काही आहे ते ६ पेक्षा कमी असलं पाहिजे. त्यानंतर तुम्ही फळ्यावर तासाचा हिशेब मांडलात. पहिला नळ तासाला हौदाचा सहावा भाग भरतो, दुसरा बारावा भाग. दोन्ही मिळून तीन बारांश, म्हणजे चौथा भाग. म्हणून ४ तास.

गुरुजी, त्या दिवशी मी अपूर्णांक शिकलो हे खरं, पण ते दुसऱ्या कुणीही शिकवले असते. माझ्यात बदललं ते वेगळंच. त्याआधी उत्तर म्हणजे गुरुजींच्या तोंडून बरोबर किंवा चूक ठरणारी वस्तू होती. त्या दिवसापासून उत्तर शहाणं आहे की नाही हे मी स्वतः तपासू शकतो, हे मला कळलं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

याचा उपयोग कधी झाला तेही सांगतो. २००९ साली इथं बंगळुरूत एका बैठकीत बसलो होतो. रात्रभर चालणारा हिशेबाचा एक प्रोग्राम होता. एका मशीनवर त्याला ६ तास लागत. जोडीला दुसरं मशीन घ्यायचं ठरलं होतं आणि तक्त्यात लिहिलं होतं की आता ७ तास लागतील. खोलीत बाराएक जण होते, सगळे माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलणारे. तक्ता पुढं सरकला. माझी छाती धडधडत होती, पण मी म्हणालो, मदतीला दुसरं मशीन आल्यावर वेळ वाढतो कसा? आमच्या कामात कधी कधी खरंच वाढतो. दोन मशीनना एकमेकांशी निरोपानिरोपी करायला वेळ लागतो. पण मग तो वेळ कुठं गेला हे दाखवता आलं पाहिजे. तिथं कुणाला दाखवता येईना. शोधल्यावर निघालं की माहिती एका मशीनवरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ तक्त्यात दोनदा धरला होता. चूक लहान होती. पण त्या दिवसानंतर त्या खोलीत मी गप्प बसलो नाही. हौदाचं गणित कुठून आलं ते तिथं कुणाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

दुसरी गोष्ट फॉर्मची. तुम्ही येण्याआधी शिष्यवृत्तीच्या मुलांची नावं वर्गात जातीसकट वाचली जायची आणि आम्हाला उभं राहावं लागायचं. तुम्ही ते बंद केलंत. मधल्या सुट्टीनंतर एकेकाला टेबलाजवळ बोलवायचात. माझा फॉर्म तुम्ही भरला नाहीत, मला भरायला लावलात. खाडाखोड झाली तर नवा कागद दिलात. आणि म्हणालात, "कागद देताना त्याची नक्कल ठेवायची. दिल्यावर पोहोच घ्यायची. पोहोचेवर तारीख आणि आवक क्रमांक आहे का ते बघायचं. मग माघारी फिरायचं."

माझ्या आईला अंगठा उमटवल्यावर कागद कुठं जातो हे कधी कळलं नव्हतं. तुम्ही मला कागदाचा रस्ता दाखवलात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझी भारत सरकार शिष्यवृत्ती अडकली. कार्यालयात म्हणाले, तुझा अर्जच आला नाही. मी खिशातून पोहोच काढली. दोन महिन्यांनी पैसे आले. माझ्यासोबतच्या दोघांजवळ पोहोच नव्हती. त्यातल्या एकानं त्या वर्षी शिक्षण सोडलं. तो माझ्यापेक्षा हुशार होता. म्हणून 'मी हुशारीवर पुढं गेलो' असं मला कधी म्हणता आलं नाही. आता भाच्याचा अर्ज महाडीबीटीवर भरतो तेव्हा आवक क्रमांकाऐवजी अर्ज क्रमांक असतो, शिक्क्याऐवजी पडद्याचा फोटो. रीत तुमचीच आहे.

तिसरी गोष्ट तुम्ही केली नाहीत तिची आहे. ती लिहू की नको हा विचार तीन आठवडे केला. शाळेच्या ओसरीवर पाण्याचा माठ होता. बाकीची मुलं हातानं पेला बुडवून घ्यायची. आम्ही सहा जण ओंजळ धरायचो आणि कुणीतरी वरून ओतायचं. कुणी नसेल तर घरी जाईपर्यंत तहान. तुम्ही रोज त्या माठाजवळून जात होता. तुम्ही काही बोलला नाहीत. फॉर्मच्या यादीचं तुम्हाला दिसलं, माठाचं कसं दिसलं नाही, हा प्रश्न मी मोठा झाल्यावर मला पडला. गावातल्या लोकांना तुम्ही घाबरला असाल, बदली होईल अशी भीती असेल, किंवा ते इतकं रोजचं होतं की दिसतच नसेल. मला माहीत नाही. मी राग म्हणून लिहीत नाही. पण हे वगळून आभार लिहिले तर ते खोटे होतील, आणि 'कसं काढलंस' हे खरं सांगायचं तुम्हीच शिकवलंत.

माझी मुलगी वर्गात पाण्याची बाटली नेते. तिला ओंजळ धरून पाणी पिता येत नाही, सगळं अंगावर सांडतं. मी तिला शिकवलं नाही.

तुमचा विद्यार्थी.

*

पत्र टाकायला गेलो तेव्हा पोस्टाच्या दारात दहा मिनिटं थांबलो. मनात तीच भीती होती जी तुमच्या मनात येईल. आपलं मराठी आता धड राहिलं नाही, शुद्धलेखन चुकलं असेल, इतक्या वर्षांनी हे काय, असं त्यांना वाटेल. या भीतीवर अभ्यास झाला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ साली लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि मग पत्र लिहिणारा आणि पत्र मिळालेला अशा दोघांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मिळणाऱ्यांना जास्त आनंद झाला होता आणि संकोच कमी वाटला होता. लिहिणारे आपले शब्द नीट आहेत का या काळजीत होते. वाचणारे शब्दांकडे फारसं बघत नव्हते, त्यांना त्यातला जिव्हाळा दिसत होता. आपल्यासारख्यांना, ज्यांना भाषेवरून आयुष्यभर मोजलं गेलं, त्यांना हे कळलेलं बरं.

माठाबद्दल लिहिणं योग्य होतं का, असं माझ्या मित्रानं विचारलं. तो म्हणाला, एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला आता कशाला? त्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. प्रत्येकानं असं लिहावं असंही नाही. माझ्यापुरती कसोटी ही होती की ती ओळ काढल्यावर बाकीचं पत्र खरं राहतं का. माझं राहत नव्हतं. माठ वगळला की गुरुजी सिनेमातले देवमाणूस होतात, आणि देवमाणसाकडून कुणी काही शिकू शकत नाही, फक्त हार घालू शकतं. माठासकट ते एका गावातले, नोकरी सांभाळणारे, एका बाजूला धाडस केलेले आणि दुसऱ्या बाजूला न केलेले शिक्षक राहतात. अशा माणसानं केलेली गोष्ट आजचा कोणताही शिक्षक करू शकतो. चुकलेल्या मुलाला 'कसं काढलंस' म्हणायला पैसे लागत नाहीत, बदलीची भीतीही नसते. आणि अशा माणसानं न केलेली गोष्टही आजच्या शिक्षकाला दिसू शकते.

तुम्ही लिहायला बसलात तर एक साधी रीत सांगतो, माझ्या मुलीच्या कृपेनं सापडलेली. पत्रातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्या शिक्षकाला चालेल का ते बघा. चालत असेल तर काढा. 'आत्मविश्वास दिला' असं लिहिलं असेल तर स्वतःला विचारा, आत्मविश्वास म्हणजे काय झालं? कुणापुढं बोललात, कोणता कागद परत मागितलात, कुठं 'मला समजलं नाही' म्हणालात? बंगळुरूत आलो तेव्हा मी पहिला कन्नड शब्द शिकलो तो 'गोत्तिल्ल', म्हणजे माहीत नाही. बसमध्ये, दुकानात, ऑफिसात तो मी लाजेशिवाय वापरला. आमच्याकडे 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटते, कारण ते म्हटलं की लोक जातीचा हिशेब काढतात. माझी ती लाज त्या जादा तासाला गेली होती. हे असं शेवटच्या टोकापर्यंत जाऊन लिहिलं की पत्र आपोआप छोटं आणि खरं होतं.

नवव्या दिवशी लातुरातून फोन आला. गुरुजींची मुलगी बोलत होती. तिनं पत्र दोनदा वाचून दाखवलं होतं. गुरुजींना मी आठवत नव्हतो. हौदाचं गणितही आठवत नव्हतं. तसली गणितं त्यांनी हजार वेळा घातली असतील. फॉर्मची यादी बंद केल्याचं आठवत होतं, कारण त्यावरून तेव्हाच्या वरिष्ठांशी त्यांचा वाद झाला होता. तो मला माहीतच नव्हता.

"आणि माठाचं?" मी विचारलं.

ती जरा थांबली. म्हणाली, "तिथं मी वाचायचं थांबवलं होतं. तेच म्हणाले, पुढं वाच." मग थोड्या वेळानं, "म्हणाले, लिहिलं ते बरं केलं. बाकी काही बोलले नाहीत."

मग तिनं फोन गुरुजींच्या हातात दिला. आवाज बारीक झाला होता. ख्यालीखुशाली झाली, आई कशी आहे ते विचारलं, ती गेल्याचं सांगितलं. थोडा वेळ दोघंही गप्प होतो.

"एक विचारायचं होतं," गुरुजी म्हणाले. "बैठकीतल्या त्या तक्त्यात सात तास आले होते ना? मग दुरुस्त केल्यावर किती आले?"

मी म्हणालो, साडेचार.

"सहापेक्षा कमी," ते म्हणाले. "मग ठीक आहे."